ईशानच्या इंग्रजीतल्या काळाच्या चुका आणि चार आठवड्यांचा सराव

ईशानच्या आई-बाबांना सप्रेम नमस्कार,

गेल्या महिन्यात फोनवर तुम्ही विचारलंत, "एवढं शिकूनही काळ का चुकतात?" त्या वेळी घाईत नीट सांगता आलं नाही. नंतर ईशानचे शेवटचे तीन निबंध पुन्हा तपासले, म्हणून आता सविस्तर लिहिते.

बाराही काळांचा तक्ता ईशानला तोंडपाठ आहे. तरीही परवाच्या निबंधाची सुरुवात अशी होती : "आय हॅड गॉन टू माय फ्रेंड्स हाऊस. ही ओपन्स द डोअर." मी त्याला हे मोठ्याने वाचायला सांगितलं. 'ओपन्स'पाशी तो थबकला आणि स्वतःच "ओपन्ड" म्हणाला. 'हॅड गॉन' मात्र बिनदिक्कत वाचून गेला. म्हणजे एक चूक त्याच्या कानाला खटकते, दुसरी खटकतच नाही. आपल्याला काम करायचंय ते या दुसऱ्या चुकीवर.

ती येते मराठीतून. आपण सहज म्हणतो, "काल मी मित्राकडे गेलो होतो." त्यातल्या 'होतो'चा ईशान 'हॅड' करतो. इंग्रजीत तिथे साधं 'आय वेंट' पुरतं. 'हॅड' लागतो तो भूतकाळातल्या दोन घटनांपैकी आधी घडलेली दाखवायला : "व्हेन आय रीच्ड, द बस हॅड लेफ्ट." मी पोहोचलो, पण बस त्याआधीच गेली होती. 'डिड नॉट वेंट'चंही तसंच. 'गेलो नाही' म्हणताना आपण क्रियापद भूतकाळातच ठेवतो. इंग्रजीत भूतकाळाचं काम 'डिड' करतो, म्हणून पुढे मूळ रूप येतं : 'डिड नॉट गो'. यात त्याचा आळस नाही, निष्काळजीपणाही नाही. म्हणून कृपया रागावू नका, आणि व्याकरणाचं आणखी एक पुस्तकही आणू नका.

सराव रोज दहा मिनिटं, रविवारी सुट्टी. तुम्ही मराठी वाक्य म्हणायचं, त्याने इंग्रजी. उत्तरं सोबत देते आहे.

पहिला आठवडा, फक्त 'डिड' :
तो आला नाही. – ही डिड नॉट कम.
तिने पत्र लिहिलं नाही. – शी डिड नॉट राइट द लेटर.
तू काय पाहिलंस? – व्हॉट डिड यू सी?
अशी सहा वाक्यं रोज, तोंडी. क्रियापदं बदलत राहा : खाणे, घेणे, देणे, विसरणे.

दुसरा आठवडा 'होतो'चा. हा सगळ्यात महत्त्वाचा, वेळ लागला तर दोन आठवडे घ्या. भाषांतर करण्याआधी ईशानने एवढंच सांगायचं : घटना एक की दोन?
काल आम्ही बागेत गेलो होतो. – एक. वी वेंट टू द गार्डन यस्टरडे.
मी घरी आलो तेव्हा आई झोपली होती. – दोन. व्हेन आय केम होम, मदर हॅड गॉन टू स्लीप.
त्याने मला फोन केला होता. – एक. ही कॉल्ड मी.
घाईने आलेलं बरोबर उत्तर मला नको, 'एक की दोन' हा विचार हवा.

तिसऱ्या आठवड्यात रोज रात्री पाच ओळी : आज काय घडलं? सगळं भूतकाळात. लिहून झालं की प्रत्येक क्रियापदाखाली रेघ मारायची आणि फक्त तेवढे शब्द मोठ्याने वाचायचे : वेंट, सॉ, ईट्स... तिथे तो आपोआप अडखळेल. गोष्ट रंगली की मराठीत आपण "दार उघडतो तर काय!" असं वर्तमानात शिरतो. ती सवय इथे पकडायची आहे.

चौथा आठवडा 'पासून'चा. "मी दोन वर्षांपासून पोहतोय" याचं तो "आय ॲम स्विमिंग सिन्स टू इयर्स" करतो. हवं ते "आय हॅव बीन स्विमिंग फॉर टू इयर्स." किती काळ हे सांगायचं असेल तर 'फॉर', केव्हापासून ते सांगायचं असेल तर 'सिन्स' : सिन्स मंडे, सिन्स धिस मॉर्निंग. रोज चार वाक्यं पुरेत.

एक विनंती. तो बोलत असताना मध्ये तोडू नका. वाक्य पूर्ण होऊ द्या, मग म्हणा, "दुसरं वाक्य परत म्हण." बहुतेकदा चूक त्यालाच सापडेल, आणि स्वतः शोधलेली चूक तो सहसा पुन्हा करत नाही, हे मी वर्गात पाहिलंय. बाबांना इंग्रजीची धास्ती वाटते असं ईशान म्हणाला होता. या सरावात बोलायचंय मराठीतच, त्यामुळे बाबांनीच तो घेतला तर त्याला जास्त आवडेल.

दर शनिवारी वहीच्या पानाचा फोटो मला पाठवा. चार आठवडे झाले की त्याला तोच मित्राच्या घरचा निबंध, जुना न बघता, पुन्हा लिहायला देईन आणि दोन्ही कागद तुमच्यासमोर ठेवीन.

आपली,
मेघना
(ईशानची इंग्रजीची शिक्षिका)