वाय-फाय रेंगाळतंय? आधी राउटर हलवा: कॅमेऱ्यासमोरचे मुद्दे

लांबी ५ मिनिटांच्या आत. पाठ फक्त पहिलं आणि शेवटचं वाक्य. बाकी मुद्दा बघायचा, नजर लेन्सवर आणायची, मगच तोंड उघडायचं. अडखळलं तर २ सेकंद गप्प, आणि तोच मुद्दा पहिल्यापासून. अर्ध्या वाक्यातून उचललं की आवाजाचा चढउतार जुळत नाही.

०:०० सुरुवात
- पाठ: "महागडा प्लॅन घेण्याआधी राउटर उचला आणि दोन मीटर सरकवून बघा."
- नमस्कार, ओळख नको

०:१५ दोष लाइनचा की वाय-फायचा?
- लॅपटॉपला केबल, स्पीड टेस्ट ३ वेळा. मग केबल काढून तिथेच ३ वेळा
- केबलवरही कमी? मग हा व्हिडिओ कामाचा नाही, कंपनीला फोन करा (हे हसत, पण स्पष्ट)

जोड: "केबलवर ठीक आहे ना? मग राउटर ठेवलाय कुठे ते बघू."

१:०० जागा (जीव इथे आहे, घाई नको)
- घराच्या मध्यावर, छातीच्या उंचीला, उघड्यावर
- तीन शत्रू: लोखंडी कपाट, आरसा (मागे धातूचा थर), माशांची टाकी (पाणी लहरी शोषतं)
- अँटेना खोलीकडे रोखायचा नाही, उभा ठेवायचा
  - हातात पेन, त्यावर चिकटपट्टीचं रीळ. पेन म्हणजे अँटेना, रीळ म्हणजे सिग्नल: आडवा पसरतो, टोकाच्या दिशेने जवळजवळ नाहीच
  - रीळ हनुवटीखाली धरायचं, तोंडासमोर आलं तर फोकस उडतो
- दुमजली घर, दोन अँटेना: एक उभा, एक आडवा

२:४५ बँड
- २.४ गिगाहर्ट्झ: लांब जातो, पण गर्दी, मायक्रोवेव्हही तिथेच
- ५ गिगाहर्ट्झ: वेगवान, भिंतीपुढे मवाळ
- २.४ वर चॅनल १, ६ किंवा ११. शेजारच्या चॅनलमध्ये अंतर ५ मेगाहर्ट्झ, सिग्नलची रुंदी २० च्या आसपास. ३ निवडला तर १ आणि ६ दोघांचा गोंगाट
- वाय-फायच्या पिढ्यांचा इतिहास नाही. गाडी नेहमी इथेच भरकटते

३:४५ रिपीटर
- सिग्नल नसलेल्या खोलीत नको, अर्ध्या वाटेवर. मिळतं तेच तो पुढे देतो
- एकाच बँडवरचा असेल तर वेग साधारण निम्मा: ऐकणं आणि बोलणं आळीपाळीने

४:२० शेवट
- पाठ: "आता उठा, राउटर कपाटामागून काढा आणि पुन्हा टेस्ट करा."
- लगेच हात कॅमेऱ्याकडे नाही. ३ सेकंद तसंच बसायचं, एडिटला शेपूट लागतं