हिंदी क्रियापदांचा तोंडी सराव : वर्तमानकाळ आधी

हा सराव इंदुरात नव्याने आलेल्या मराठी मंडळींसाठी आहे. कुणी लग्न होऊन आलेलं, कुणी बदलीवर, कुणी कॉलेजसाठी. हिंदी समजते सगळ्यांना. घोटाळा होतो तो क्रियापदाच्या शेपटाशी. म्हणून वही मिटून ठेवा आणि प्रत्येक ओळ मोठ्याने म्हणा. पुरुषांनी पुरुषी रूप, बायकांनी बायकी. दुसऱ्याचं रूप ऐकायचं, म्हणायचं नाही.

1. नियमित क्रियापद : बोलना

धातू बोल. त्याला ता, ते किंवा ती लावा आणि मागून होना चं रूप जोडा.

मैं बोलता हूँ / बोलती हूँ
तू बोलता है / बोलती है
तुम बोलते हो / बोलती हो
आप बोलते हैं / बोलती हैं
वह बोलता है / बोलती है
हम बोलते हैं / बोलती हैं
वे बोलते हैं / बोलती हैं

(हम ला पुष्कळ हिंदी बायकाही बोलते हैं म्हणतात. आपण बोलतो तसंच ते, चालतं. इंदुरी अपन लाही हेच रूप : अपन चलते हैं।)

आता याच साच्यात देखना, पढ़ना, रहना, जाना, खाना, पीना, करना, देना, लेना घाला. वर्तमानात यांतलं एकही वाकडं जात नाही. जाता हूँ, पीता हूँ, देता हूँ, सगळी सरळ. वाकडेपणा पुढे आहे, तिकडे आत्ताच धावू नका.

इथे थांबायचं ते दोन जागी.

पहिली जागा, ते. मराठीत बाई म्हणते "मी बोलते, मी जाते", म्हणून जिभेवर "मैं जाते हूँ" येतं. हिंदीत ते हे पुरुषांचं अनेकवचन किंवा आदर. बाईला कायम ती. बायकांनी पुढची माळ न अडखळता म्हणायची :

मी राहते : मैं रहती हूँ।
मी शिकवते : मैं पढ़ाती हूँ।
मी रोज चालायला जाते : मैं रोज़ टहलने जाती हूँ।
ती राजवाड्याजवळ राहते : वह राजवाड़े के पास रहती है।
माझी बहीण बँकेत काम करते : मेरी बहन बैंक में काम करती है।

दुसरी जागा, तुम्ही. मराठीतलं तुम्ही आदराचं, हिंदीतलं तुम बरोबरीचं. भाजीवाल्या काकांना "तुम क्या देते हो" म्हटलं की ते काही बोलणार नाहीत, पण नजर बदलेल. मोठ्यांना आप, आणि आप सोबत हैं. सासूबाईंबद्दल बोलतानाही तेच : माँजी चाय पीती हैं। पीती है आणि पीती हैं यात सगळा मान त्या एका बिंदूत आहे. तो नाकातून नीट काढा.

मी मराठीत म्हणेन, तुम्ही लगेच हिंदीत :

काका, तुम्ही कुठे राहता? — चाचाजी, आप कहाँ रहते हैं?
ताई, तुम्ही कधी येता? — दीदी, आप कब आती हैं?
बाबा पोहे खातात. — पिताजी पोहा खाते हैं।
तू काय करतोस? (मित्राला) — तू क्या करता है?
तुम्ही काय करता? (वर्गातल्या मुलांना) — तुम लोग क्या करते हो?

नकार पटकन उरकू. मराठीत नाही शेवटी, हिंदीत नहीं क्रियापदाच्या आधी. मी चहा पीत नाही : मैं चाय नहीं पीता। मागचं हूँ गाळलं तरी चालतं. गाळलं की बायकी अनेकवचनाचा बिंदू पुढे सरकतो : माँजी चाय नहीं पीतीं।

2. वर्तमानातलं एकच अनियमित : होना

मैं हूँ, तू है, तुम हो, आप हैं, वह है, हम हैं, वे हैं.

पण होना ला दुसराही वर्तमान आहे, होता है. हिंदीभाषकाला हा फरक समजावता समजावता नाकी नऊ येतात. मराठी माणसाला तो आयता मिळालेला आहे. आहे तिथे है, असतो तिथे होता है.

आज सराफ्यात गर्दी आहे. — आज सराफ़े में भीड़ है।
सराफ्यात रात्री गर्दी असते. — सराफ़े में रात को भीड़ होती है।
जिलेबी गरम आहे. — जलेबी गरम है।
उन्हाळ्यात आंबे स्वस्त असतात. — गर्मियों में आम सस्ते होते हैं।
तो घरी आहे. — वह घर पर है।
तो संध्याकाळी घरी असतो. — वह शाम को घर पर होता है।

शेवटची जोडी तीनदा म्हणा.

3. आज्ञा : चार अनियमित

साधा नियम : बोल, बोलो, बोलिए। याला चार अपवाद, आणि चारही रोजचे.

करना : कर, करो, कीजिए
देना : दे, दो, दीजिए
लेना : ले, लो, लीजिए
पीना : पी, पियो, पीजिए

बाजारात करिए ऐकू येईल, कान ठेवा, पण लिहिताना कीजिए च. पाहुण्यांसमोर : बैठिए, पानी पीजिए, थोड़ा और लीजिए।

4. भूतकाळाची पहिली पायरी

नियमित : बोला, बोले, बोली. धातू आकारान्त असेल तर मध्ये य येतो : खाया, खाए, खाई. अनियमित सहा, पाठच करायचे :

जाना : गया, गए, गई
करना : किया, किए, की
देना : दिया, दिए, दी
लेना : लिया, लिए, ली
पीना : पिया, पिए, पी
होना : हुआ, हुए, हुई

ने मराठीतही आहे, पण आपण "त्याने" म्हणतो आणि "मी, तू" ला काही लावत नाही. हिंदीत मैंने, तूने, हमने, सगळ्यांना लागतो. मग क्रियापद कर्माच्या मागे जातं, आणि कर्माचं लिंग हिंदीतलं धरायचं. चहा आपल्याकडे तो, हिंदीत चाय ती.

मी पुस्तक वाचलं. — मैंने किताब पढ़ी।
मी दही खाल्लं. — मैंने दही खाया।
मी चहा प्यायलो. मी चहा प्याले. — दोघांचंही एकच : मैंने चाय पी।
मी हिंदी शिकले. — मैंने हिंदी सीखी।
मी जेवलो. — मैंने खाना खाया।

उलटा सापळा लाना चा. मी दूध आणलं, म्हणून "मैंने दूध लाया" हे मराठी घराघरांत ऐकू येतं, अगदी इथे जन्मलेल्यांकडूनही. लाना ला ने लागत नाही. पुरुष : मैं दूध लाया। बाई : मैं दूध लाई। बोलना आणि भूलना ही याच पंगतीतली : वह बोला, मैं भूल गई।

उद्यासाठी

ही वाक्यं घरी हिंदीत करून या, आधी तोंडी मग वहीत : आजी रोज खजराना गणपतीला जातात. मी (बाई) मांस खात नाही. काकू, आणखी एक पोळी घ्या. रविवारी छप्पन दुकानाला गर्दी असते. आज नाही. मी (पुरुष) भाजी आणली. तू चहा प्यायलीस का?

उत्तरं : दादी रोज़ खजराना गणेश जाती हैं। मैं मांस नहीं खाती। चाचीजी, एक रोटी और लीजिए। रविवार को छप्पन दुकान पर भीड़ होती है। आज नहीं है। मैं सब्ज़ी लाया। तूने चाय पी क्या?