उत्तरपत्रिकेची भाषा-तपासणी

इयत्ता नववी क, हजेरी क्र. १७, सहामाही परीक्षा, भूगोल

गुण सरांनी दिले आहेत. त्यांना मी हात लावलेला नाही, फक्त भाषा पाहिली आहे.

प्र. १. वाईपेक्षा महाबळेश्वरला पाऊस जास्त का पडतो? (३ पैकी २)

तुझे उत्तर: महाबळेश्वर सह्याद्रीच्या माथ्यावर आहे. अरबी समूद्रावरून येणारे बाष्पयूक्त वारे सह्याद्रीला अडतात आणी वर चढतात. वर हवा थंड झाल्यामुळे. म्हणुन पाऊस पडते. वाई पलिकडच्या बाजूला आहे, वारे खाली उतरताना कोरडे होतात त्यामूळे तिथे पाऊस कमी.

दुरुस्ती: समुद्रावरून, बाष्पयुक्त, आणि, म्हणून, पलीकडच्या, त्यामुळे. 'झाल्यामुळे' बरोबर लिहिलेस आणि दोनच ओळींनंतर 'त्यामूळे'! पाऊस पुल्लिंगी आहे, तो पडतो. घरी 'पडते' म्हणत असशील तर म्हण, पेपरात नको.

आता 'वर हवा थंड झाल्यामुळे.' हे वाक्य बघ. थंड झाल्यामुळे काय झाले? वाक्य तिथेच सोडलेस आणि नेमका उत्तराचा गाभाच राहिला. सरांचा एक गुण इथेच गेला आहे, मी त्यांना विचारले. असे लिही:

"वर गेल्यावर हवा थंड होते, तिच्यातील बाष्पाचे सांद्रीभवन होते आणि पाऊस पडतो. वाई पलीकडच्या बाजूला आहे. तिथे वारे खाली उतरताना उबदार व कोरडे होतात, त्यामुळे पाऊस कमी पडतो."

शेवटी 'पडतो' हवेच. 'तिथे पाऊस कमी' हे बोलताना चालते.

प्र. २. गोदावरी पूर्वेकडे का वाहते? (२ पैकी १)

तुझे उत्तर: त्र्यंबकेश्वरजवळ गोदावरी नदिचा उगम होतो व ती १४६५ किमी वाहत जाऊन. पश्चीमेला सह्याद्री असल्यामुळे म्हणून ती तिकडे जात नाही. पठाराचा उतार पुर्वेकडे आहे.

दुरुस्ती: नदीचा, पश्चिमेला, पूर्वेकडे. 'वाहत जाऊन' कुठे पोहोचते? 'जाऊन', 'करून', 'झाल्यामुळे' यांच्यापुढे पूर्णविराम देण्याआधी पेन थांबव. 'मुळे' आणि 'म्हणून' यांपैकी एकच पुरे.

"दख्खनच्या पठाराचा उतार पूर्वेकडे आहे. पश्चिमेला सह्याद्री असल्यामुळे गोदावरी तिकडे जात नाही. त्र्यंबकेश्वरजवळ उगम पावून ती १४६५ किमी वाहते आणि बंगालच्या उपसागराला मिळते."

कारण आधी, बाकीचे नंतर. तू उतार शेवटी लिहिलास.

प्र. ३. काळी मृदा (१ पैकी १)

तुझे उत्तर: काळी मृदा बेसाल्ट खडकापासून तयार झाली. ती पाणि धरून ठेवते कि त्यामुळे कापूस चांगला येतो.

दुरुस्ती: पाणी. 'कि' असा शब्दच लिहायचा नाही, तो 'की'. आणि इथे तोही नको, 'आणि' हवा. बाकी छान.

पहिली दोन उत्तरे वहीत पुन्हा लिही. शुद्ध शब्द दहा-दहा वेळा लिहू नकोस, त्याने फक्त हात दुखतो. सोमवारी मधल्या सुट्टीत वही घेऊन ये.