चार दुकानांच्या रोख व्यवहाराची तपासणी : दारव्हा, दिग्रस, नेर, आर्णी

मालक,

दिवाळीनंतर चारही दुकानांचे रोजमेळ, गल्ले आणि उधारीच्या वह्या तपासल्या. तपासणीचा आधार डोनाल्ड क्रेसी या गुन्हेशास्त्रज्ञाची 1953 सालची मांडणी आहे. विश्वासातला माणूस पैशाला हात लावतो तेव्हा तीन गोष्टी जुळून आलेल्या असतात : ताण, संधी आणि स्वतःच्या मनाची घातलेली समजूत.

सगळ्यात मोठी संधी दिग्रसच्या उधारी वसुलीत आहे. कापूस विकला की गिऱ्हाईक रोख देतं. गावोगाव वसुलीला जाणारा माणूसच पावती फाडतो, वहीत जमा करतो आणि बँकेत भरणाही तोच करतो. 9 नोव्हेंबरच्या पावतीचे 4,500 रुपये रोजमेळात 16 तारखेला आले. 16 लाच दुसऱ्या गिऱ्हाइकाने दिलेले 5,000 जमा झाले 23 ला. एकाचे पैसे वापरायचे आणि दुसऱ्याच्या पैशातून भरून काढायचे, असा हा प्रकार दिसतो. गल्ला मोजला तर शिल्लक बरोबरच येते, कारण न लिहिलेली रक्कम रोजमेळात नसतेच. पावतीपुस्तक रोजमेळाशेजारी ठेवलं तेव्हाच हे कळलं. त्या माणसाचं म्हणणं अजून ऐकलेलं नाही, त्यामुळे चोरी झाली असं मी लिहीत नाही.

आर्णीला काउंटरवर दोन क्यूआर कोड आहेत. त्यातला एक तिथल्या मुलाच्या स्वतःच्या खात्याचा. तो आजच काढावा. नेरला बिल रद्द करायला कुणाची सही लागत नाही, ती लागावी. दारव्ह्याचा हिशेब चोख आहे.

ताणाचं कारण बरंचसं आपल्याकडेच आहे. पगार कधी 10 ला, कधी 18 ला होतो. बचत गटाचा किंवा फायनान्सचा हप्ता मात्र थांबत नाही. जूनमध्ये बी-खत आणि मुलांची पुस्तकं एकदम येतात, आणि त्याच वेळी आपण उचल बंद केली. पगार 5 तारखेला आणि अर्ध्या पगारापर्यंत उचल, एवढं तरी करा, ही माझी कळकळीची विनंती आहे.

मनाच्या समजुतीबद्दल स्पष्ट लिहितो. नेरला एक जण म्हणाला, "मालकही नेतेत जी गल्ल्यातून, चिठ्ठी कुठं लिवतेत?" तूट आली की पगारातून कापतो, वाढ निघाली की दुकानाची. हे त्यांना अन्यायाचं वाटतं, आणि मला ते पटतं. तूट आणि वाढ दोन्ही एकाच नोंदवहीत लिहाव्यात, लहान तूट कापू नये. आपण स्वतः घेतलेल्या रकमेचीही चिठ्ठी सहीनिशी गल्ल्यात पडावी.

वसुली, नोंद आणि भरणा तिघांकडे द्यायला दिग्रसला माणसं कमी आहेत. म्हणून नोंद तिथल्याच दुसऱ्या माणसाकडे द्यावी आणि भरणा दारव्ह्याच्या मॅनेजरने करावा. मोठ्या थकबाकीच्या वीस गिऱ्हाइकांना या आठवड्यात आपण स्वतः भेटून त्यांच्याजवळच्या पावत्या पाहाव्यात. वहीशी मेळ मी घालतो, मग त्या माणसाला आपण दोघं मिळून विचारू.