व्हीपीएन लावला की सगळं स्लो होतंय, स्प्लिट टनेलिंगबद्दल विचारायचं होतं

नमस्कार आयटी टीम,

मी प्राजक्ता, सपोर्ट डेस्क, नाशिकहून घरून काम करते. मागच्या आठवड्यात तिकीट टाकलं होतं, ते "घरचं इंटरनेट तपासा" म्हणून बंद झालं. तपासलं, आता आकड्यांसकट परत लिहितेय, थोडं लांबलंय पण पूर्ण वाचा प्लीज.

घरी १०० एमबीपीएसचा फायबर आहे. राऊटरला केबल लावून व्हीपीएन बंद ठेवला तर स्पीड ९२ येतो, व्हीपीएन जोडला की ११ ते १४. `ping 8.8.8.8` ला आधी ९ मिलिसेकंद, नंतर ६८. तीन दिवस सकाळ-दुपार-संध्याकाळ बघितलं, रात्री अकरानंतर थोडं सुधारतं पण दिवसा हेच. लाईट गेली तेव्हाचे आकडे धरलेले नाहीत.

`route print -4` केल्यावर हे दिसलं:

```
Destination  Netmask   Gateway      Interface     Metric
0.0.0.0      0.0.0.0   192.168.1.1  192.168.1.7   35
0.0.0.0      0.0.0.0   On-link      10.20.4.31    2
```

दुसऱ्या ओळीची मेट्रिक कमी, म्हणजे इंटरनेटचं सगळं ट्रॅफिक टनेलमधूनच जातंय ना? म्हणजे फुल टनेल. ईआरपी आणि फाईल सर्व्हर टनेलमधून जायलाच हवेत, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण टीम्सचा कॉल, विंडोज अपडेट हेही आधी बंगळुरूच्या गेटवेला जाऊन तिथून बाहेर पडतं आणि उत्तर त्याच वाटेने परत येतं.

याचा त्रास कुठे होतो ते सांगते. मंगळवारी सकाळी पिंपळगाव बसवंतच्या एका व्यापाऱ्यांच्या बिलात टॅक्सचा घोळ होता, बाहेर लिलाव चालू, ट्रॅक्टर लागलेले, आणि मी स्क्रीन शेअर करून दाखवतेय तर त्यांना माझी स्क्रीन वीस-पंचवीस सेकंद उशिरा दिसतेय. ते म्हणाले, "ताई, तुमचा आवाज तुटतोय, फोनच करा ना." शेवटी फोनवर एकेक बटण तोंडी सांगत पाऊण तास गेला, एरवी दहा मिनिटांचं काम. पिंपळगाव माझ्या घरापासून तीसेक किलोमीटर, आणि माझा आवाज बंगळुरूमार्गे जातोय. त्या माणसाचा खोळंबा झाला याचं मला खरंच वाईट वाटलं.

अजून एक दिसलं, बहुतेक हेच जास्त महत्त्वाचं असेल. व्हीपीएन क्लायंटच्या स्टॅटिस्टिक्समध्ये प्रोटोकॉल TLS दिसतो, DTLS नाही. म्हणजे यूडीपी कुठेतरी अडतंय आणि टनेल टीसीपीवर चाललाय. तसं असेल तर एक पॅकेट हरवलं की मागची सगळी थांबून राहतात, कॉलसाठी ते फार वाईट, आणि आत परत टीसीपीच असेल तर दोन्हीकडून रिट्रान्समिट सुरू होतं. यूडीपी ४४३ माझ्या राऊटरवर अडतंय की तुमच्या फायरवॉलवर, हे तुमच्या लॉगमध्ये कळेल का? आधी हेच बघितलंत तर बरं होईल, कारण हे सुटलं तर कदाचित बाकीचं लागणारही नाही.

नाहीच सुटलं तर स्प्लिट टनेलिंग करता येईल का? सगळं उघडा असं म्हणत नाहीये. फक्त टीम्सचा ऑडिओ-व्हिडिओ टनेलबाहेर काढायचा, म्हणजे यूडीपी ३४७८ ते ३४८१ आणि मायक्रोसॉफ्टने त्यासाठी दिलेल्या आयपी रेंज, उदा. `52.112.0.0/14`. घरून काम करणाऱ्यांसाठी हे असंच बाहेर काढा असं मायक्रोसॉफ्टच्या डॉक्युमेंटमध्येच आहे, आणि ते ट्रॅफिक तसंही एन्क्रिप्टेड असतं. ब्राउझिंग, मेल सगळं आत राहू दे, म्हणजे तुमचं प्रॉक्सी स्कॅनिंग आणि डीएलपी जसंच्या तसं चालेल. आतल्या सर्व्हरची नावं तुमच्याच डीएनएसने सोडवली जावीत एवढं मात्र बघा.

लॅपटॉप एकीकडे उघड्या इंटरनेटवर आणि दुसरीकडे ऑफिसच्या नेटवर्कवर असला की धोका वाढतो हे मला कळतं, म्हणूनच स्वतः `route add` वगैरे काही केलेलं नाही, करणारही नाही. सिक्युरिटीवाले नाही म्हणाले तर कारण सांगा, मी समजून घेईन. मग मुंबईत गेटवे आहे का आणि आम्हाला त्यावर टाकता येईल का, एवढं तरी बघा.

नाशिकचे आम्ही तिघं सपोर्टला आहोत, तिघांचंही हेच रडगाणं. पंधरा दिवस आमच्यावरच ट्रायल करा, मी रोजचे आकडे लिहून देईन. गुरुवारी दुपारी तीननंतर मी मोकळी आहे, तेव्हा रिमोट घेऊन बघता येईल का? सकाळी नको, लिलावाच्या वेळेत कॉल येत असतात.

प्राजक्ता
सपोर्ट डेस्क, नाशिक