पोट काढलेली घागर

गाडीच्या दिवशी गोदीला उठवावं लागत नाही. हरंगुळकडून हॉर्न ऐकू आला की ती आपोआप उठून बसते आणि अंधारातच घागरी चाचपते. तीन घागरी तिच्या, तीन माझ्या. सहाही पितळी, प्रत्येकीच्या गळ्याशी शिशाची मोहोर आणि आत नऊ लिटरची खूण. प्लॅस्टिकची घागर बाळगायला बंदी आहे, कारण ती तापवून ताणता येते.

आमच्याकडं दिवस तीनच: गाडीचा, मधला आणि कोरडा. सोमवार-मंगळवार कचेरीच्या कागदावर उरलेत. गोदीला विचारलं, "आज वार कोणता?" तर ती म्हणते, "मधला." लग्नाची तारीख काढायला आलेल्या माणसाकडं भटजी पत्रिकेच्या आधी गाडीचं वेळापत्रक मागतो. कोरड्या दिवशीचा मुहूर्त कितीही चांगला असला तरी त्या मांडवात कोण जाणार?

मी लातूरच्या गंजगोलाईत सातव्या रस्त्याच्या कोंडाळ्यावर मापारीण आहे. गोलाईला १६ रस्ते मिळतात, म्हणून कोंडाळीही १६. मिरजेहून आलेलं कृष्णेचं पाणी स्टेशनावर उतरतं, तिथून नळानं आमच्यापर्यंत येतं आणि मी ते कार्ड बघून माणशी २७ लिटर मोजते. तीन दिवसांचं. पाच वर्षांखालच्या पोराला निम्मं, आणि तेही बारसं होऊन नाव कार्डावर चढल्यावर. पूर्वी बाराव्या दिवशी बारसं करायचे म्हणे. आता तिसऱ्या दिवशीच पाळणा हलतो, आत्याला नाव सुचो न सुचो. आमच्या गल्लीत एक पोरगा आहे, त्याचं नाव नुसतंच 'बाळ'.

ट्यूशनच्या पोरांना मात्र दिवसाला १२ लिटर. बाहेरगावची पोरं फी आगाऊ भरतात, त्यांच्यावर अर्धं शहर जगतं, तेव्हा त्यांना तहान जास्त लागते असं कचेरीनं ठरवलंय. परिणाम असा की माझ्या यादीत सेहेचाळीस वर्षांचे एक गृहस्थ सतरा वर्षांपासून नीटची तयारी करताहेत. दर गाडीला काखेत जीवशास्त्राचं पुस्तक घेऊन येतात. मी एकदा विचारलं, "काका, कुठवर आलं?" म्हणाले, "पेशीवरच हाय अजून."

रांगेत पाच माणसं. सहावा पांढऱ्या रेषेच्या पलीकडं. चंद्रकलामावशी सांगायची की हा नियम तिच्या तरुणपणातला आहे. २०१६ साली मार्चात पाण्याच्या टाक्यांजवळ १४४ कलम लावलं होतं, पाचाहून जास्त माणसं जमू नयेत म्हणून. तेव्हा मावशी एकोणीस वर्षांची. एप्रिलच्या १२ तारखेला पहाटे मिरजेहून पहिली गाडी आली ती दहा डब्यांची, पाच लाख लिटर पाणी. मावशी स्टेशनावर बघायला गेली होती. "लोकं फोटो काढलालते," ती सांगायची, "आमाला वाटलं, यंदाचं संकट हाय, पाऊस पडला की झालं." आणि पाऊस पडलाही होता. तो १४४चा हुकूम ३१ मेपर्यंतचा होता. आताच्या हुकमावर तारीख नाही.

मावशी आमच्या वाड्यात खालच्या खोलीत राहायची. गेल्या गाडीच्या दिवशी सकाळी सहाला ती स्वतः रांगेत आली, तीन घागरी भरून घेतल्या, अंगठा दिला. दहाला तिचा थोरला कोंडाळ्यावर आला आणि रेषेच्या बाहेरच थांबला.

"आई गेली की ओ," तो म्हणाला.

"कवा?"

"आत्ताच. भाकरी थापता थापता." मग जरा थांबून हळूच म्हणाला, "वेळ काय लिवायची?"

त्याचं हे विचारणं कुणाला निर्दय वाटेल, पण इथं मयताच्या घरचा पहिला प्रश्न हाच असतो. माणूस गेला की त्या घटकेला त्याचं कार्ड बंद होतं आणि न वापरलेलं पाणी परत कोंडाळ्यावर जमा करावं लागतं. कोरड्या दिवशी रात्री गेलेल्याच्या घरी परत करायला काही नसतं. गाडीच्या दिवशी सकाळी गेलेल्याच्या घरी भरल्या घागरी असतात. म्हाताऱ्या माणसाच्या तोंडावर लोक सहज बोलून जातात, "कोरड्या दिशी जावं, कुणाला घोर नको." मावशीला ते जमलं नाही.

"दहाच लिहिते," मी म्हणाले. "डॉक्टर दहाच लिहिणार."

मापन माझं, त्यामुळे परतीची नोंद करायलाही मीच गेले. खोलीत शिरताना उंबऱ्यावर सवयीनं तोंडात आलंच, "पाणी आणलंय." आमच्याकडं पाहुण्यानं असंच म्हणायचं असतं. माझ्या आजीच्या वेळी दारात पाय ठेवला की घरधनीण तांब्या-पेला घेऊन पुढं यायची. आता पाहुणा आपली बाटली घेऊन येतो, घरधनीण ती आत नेते, आपल्या तांब्यात ओतते, आणि तोच तांब्या बाहेर आणून म्हणते, "घ्या, पाणी घ्या." पाहुणा एक घोट घेतो आणि म्हणतो, "लई गार हाय तुमचं पाणी." दोघांनाही ठाऊक असतं. तरी कुणी बाटली थेट तोंडाला लावली तर त्या माणसाला वळण नाही असं समजतात.

चुलीजवळ मावशीला निजवलं होतं. सुनेनं ओल्या फडक्यानं अंग पुसलं होतं. मयताची आंघोळ एवढीच, आणि तीही त्याच्या स्वतःच्या वाट्यातून. फडकं पिळलेलं पाणी घमेल्यात होतं, ते दुसरं पाणी. त्यात कपडे खुबळले की तिसरं, संडासात गेलं की संपलं. भांड्यांना पाणी लागत नाही, ती राखेनंच घासतात. घराबाहेर मातीत ओल दिसली तर दंड होतो, म्हणून आमच्या गल्लीतल्या तुळशी वृंदावनासकट वाळून गेल्यात. स्वच्छ पांढरा सदरा घातलेला माणूस गल्लीत आला की पोरं घरात पळतात, कारण कपडे पांढरे राहण्याइतकं पाणी फक्त कचेरीतल्यांच्या घरी असतं.

तीन घागरी कोपऱ्यात होत्या. मी पहिली उचलली आणि हाताला कळलं.

हाताला कळतंच. अकरा वर्षं मी घागरी उचलते आहे. मावशीच्या घागरीला पोट काढलेलं होतं. तांबट आळीत एक म्हातारा आहे, तो रात्री आतून लाकडी मोगरीनं घागरीचं पोट हळूहळू बाहेर ठोकतो. ठोक्याची खूण दिसत नाही, मोहोर हलत नाही. नऊची खूण जागच्या जागी राहते, आणि घागर साडेनऊ घेते. दिवाळीला घागरी तपासतात तेव्हा खुणेपर्यंत भरलीय का एवढंच बघतात. पोट कुणी मोजत नाही. म्हाताऱ्याची मजुरी एका घागरीला पाच तांबे, हप्त्यानं. मला त्याचं दुकान ठाऊक आहे. माझ्या सहा घागरी त्यानंच ठोकल्यात का, हे मी इथं सांगणार नाही.

अडचण वेगळीच होती. परतीचं पाणी कोंडाळ्यावर घागरीनं मोजत नाहीत, हौदातल्या पट्टीनं मोजतात. मावशीच्या कार्डावर २७. तीन घागरी हौदात गेल्या की पट्टी साडेअठ्ठावीस दाखवणार. कमी भरलं तर 'वापरलं' म्हणून चालतं. जास्त भरलं की दुसऱ्याचं चोरलं असा अर्थ होतो, आणि घरातल्या सगळ्यांची कार्डं सहा गाड्यांसाठी बंद.

सून माझ्याकडं बघत होती. तिलाही कळलं होतं.

मी म्हटलं, "तांब्या आण. मोठा."

तिन्ही घागरींतून थोडं थोडं काढलं. दीड लिटर तर काढायचंच होतं. मयताच्या मडक्याचे दोन लिटर नियमानं मिळतात, तेही काढले, फडक्याचं अर्धं धरलं. नोंद लिहिली: परत साडेचोवीस. मग तो दीड लिटरचा तांब्या तिथंच चुलीपाशी राहिला. झाकून ठेवावा तर दुपारी कचेरीचा माणूस घर बघायला येणार.

दारात आठ-दहा माणसं बसली होती, प्रत्येकाच्या शेजारी आपापली बाटली. सुनेनं पेला घेतला. एकेकापुढं गेली आणि म्हणाली, "घ्या, पाणी घ्या." पहिल्या म्हाताऱ्यानं सवयीनं आपली बाटली पुढं केली. तिनं मान हलवली. "आत्याबाईचं हाय." म्हाताऱ्याला काही क्षण समजेना. मग त्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली आणि दोन्ही हातांनी पेला धरला. लई गार हाय, असं कुणी म्हणालं नाही.

मसणवट्यात थोरल्यानं खांद्यावर मडकं घेतलं. तीन फेऱ्या, प्रत्येक फेरीला खड्यानं एक भोक. पाणी जमिनीवर सांडायला परवानगी नाही, म्हणून कचेरीचा एक पोरगा घमेलं घेऊन मागोमाग चालतो. धार डावीकडं वळली की तोही डावीकडं. शेवटी मडकं मागं टाकायचं, तेही घमेल्यातच. खापऱ्या वेचून पाणी गाळून घेतात. तो पोरगा नवा होता, दुसऱ्या फेरीला अडखळला आणि बरीचशी धार मातीत गेली. त्यानं घाबरून माझ्याकडं बघितलं. मी वहीत मान घातली.

आठव्या दिवशी थोरला वर आला. हातात मावशीचं लुगडं, हिरवं, इरकली, नऊवारी. "आई म्हणायची तुला द्या," तो म्हणाला. "आमच्यात आता कोण नेसतंय?" हे खोटं होतं, हल्ली सगळ्याच नेसतात. पण दिलेलं लुगडं नाकारत नाहीत.

पाऊस शहराच्या मालकीचा आहे. छपरांच्या पन्हाळी मोहोरबंद, खाली नळ्या थेट मोठ्या टाकीला. पावसात अंगणात वाटी जरी ठेवली तरी चोरी. एवढंच आहे की अंगावर पडेल ते आपलं. ज्यानं हा नियम लिहिला त्याच्या डोळ्यांसमोर बहुतेक तोंड उघडून उभी असलेली पोरं असावीत. बायकांनी तो वाचला आणि पेट्यांच्या तळाशी गेलेली आजीची लुगडी वर काढली. पाचवारी किती पाणी पिते आणि नऊवारी किती, ते आमच्या गल्लीत कुणालाही विचारा. सुताचं पातळ सगळ्यात जास्त धरतं. कचेरीनं एकदा लुगड्याची लांबी ठरवायचा हुकूम काढला होता, पण तो आठवडाभरही टिकला नाही. मोजायला माणसं कुठली पाठवणार?

परवा तिसऱ्या प्रहरी औशाच्या बाजूनं काळं आलं. गल्लीतल्या सगळ्या जणी कासोटा घालून बाहेर आल्या, पदर दोन्ही हातांनी पसरून उभ्या राहिल्या. मीही राहिले. पाऊस वीसेक मिनिटं पडला असेल. लुगडं इतकं जड झालं की पायऱ्या चढताना कमरेतून धरावं लागलं.

गोदी उंबऱ्याच्या आत तपेली धरून बसली होती.

"आधी पदर पिळ आई," ती म्हणाली. "काष्ट्याला चिखल लागलाय, ते दुसरं पाणी."