सभासदांच्या खास विक्रीचे आगाऊ आमंत्रण

दि. 3 ऑक्टोबर 2025
पैठणी दालन, लक्ष्मी रस्ता, पुणे

सप्रेम नमस्कार,

विजयादशमीच्या शुभेच्छा! काल आमच्या दालनातील माप घ्यायची पट्टी आणि कात्री यांची पूजा झाली, त्या वेळी सभासदांची वहीही शेजारी मांडली होती. त्या वहीत आपले नाव पाच वर्षांहून अधिक काळ आहे, म्हणून हे पत्र सर्वप्रथम आपल्याला लिहीत आहोत.

लग्नाचा बस्ता असो की भाऊबिजेची ओवाळणी, आपण विश्वासाने आमच्याकडे आलात. गेल्या दिवाळीत एका ताईंनी आपल्या आईची जुनी पैठणी आणून गादीवर उलटी पसरली आणि ‘पदरावरचे मोर मागूनही असेच स्वच्छ दिसणारी दाखवा,’ एवढेच सांगितले. हातमागाची अशी पारख असलेले ग्राहक आम्हाला लाभले, हे आमचे भाग्य आहे. आपल्या या विश्वासाबद्दल आम्ही मनापासून आभारी आहोत.

दिवाळीनिमित्त केवळ सभासदांसाठी असलेली विक्री सोमवार, 13 ऑक्टोबरपासून वसुबारसेच्या आदल्या दिवसापर्यंत, म्हणजे गुरुवार, 16 ऑक्टोबरपर्यंत चालेल. आपल्यासाठी मात्र दालन तीन दिवस आधीच, शुक्रवार दि. 10 ते रविवार दि. 12 ऑक्टोबर या काळात, सकाळी 10 ते दुपारी 1 या वेळेत खुले राहील. येवल्याच्या विणकरांकडून आलेल्या 40 हातमाग पैठण्या या तीन दिवसांत प्रथम आपल्यासमोर उलगडल्या जातील. त्यांत नारळी काठाच्या, असावलीच्या आणि बांगडी मोराच्या पदराच्या साड्या आहेत. भरगच्च पदराची एक साडी मागावरून उतरायला कित्येक महिने लागतात, त्यामुळे संपलेला नग दिवाळीपूर्वी पुन्हा मिळणे शक्य नाही.

हातमागाच्या पैठणीवर 12 टक्के आणि यंत्रमागाच्या सेमी पैठणीवर 25 टक्के सवलत आहे. हातमागावरील सवलत कमी वाटेल, पण ती पूर्णपणे आमच्या नफ्यातून दिली आहे. विणकरांची मजुरी एका रुपयानेही कमी केलेली नाही, आणि ती करावी असे आपल्यालाही वाटणार नाही, याची आम्हाला खात्री आहे. फॉल-पिको विनामूल्य करून मिळेल आणि साडी धनत्रयोदशीपूर्वी आपल्या हाती येईल.

येताना सभासद कार्ड किंवा नोंदवलेला मोबाइल क्रमांक सांगावा. सोबत घरच्या दोन व्यक्तींना आणता येईल. ज्येष्ठ सभासदांना जिना चढण्याचा त्रास होऊ नये म्हणून या तीन दिवसांत साड्या तळमजल्यावरच दाखवल्या जातील. प्रत्यक्ष येणे जमणार नसेल, तर कार्डामागे छापलेल्या क्रमांकावर कळवावे; पसंतीची साडी एक दिवस राखून ठेवली जाईल.

आपल्या येण्याची वाट पाहत आहोत.

आपले स्नेहांकित,
दालनाचे चालक व सर्व कर्मचारी